या इमारतीला रॅम्प नव्हता

मामाचं डिझाइन ब्रीफ वाचता वाचता भाची मध्येच थांबली आणि तिनं नकाशा उघडला.

साइटवरच्या सेंटरिंगची, म्हणजे ओला स्लॅब खालून पेलणाऱ्या टेकूंची जबाबदारी मामाची. काय पेलायचंय, कुठे, किती उंचीवर, हे त्यानं ब्रीफमध्ये लिहायचं आणि भाचीनं त्यावरून डिझाइन करायचं. या वेळी ट्रान्सफर स्लॅब होता. वरच्या मजल्यांचे खांब खालच्या खांबांवर येत नव्हते. तो सगळा भार वळवून घेणारा, एक मीटर ऐंशी सेंटीमीटर जाडीचा. नुसतं ओलं काँक्रीटच चौरस मीटरला साडेचार टन. ते ताकद धरेपर्यंत सगळं टेकूंच्या जिवावर.

भार बरोबर लिहिला होता. पण टेकूंची उंची चार मीटर, आणि नकाशात साडेसहा! उंची वाढली की तोच टेकू कितीतरी कमी भारात वाकतो. आणि खाली एक ओळ: ‘पश्चिमेच्या रॅम्पखाली जागा अडचणीची, तिथे टेकूंना जोडणारे आडवे बांध वाढवावेत.’

या इमारतीला रॅम्पच नव्हता.

तो होता दुसऱ्या इमारतीला. तिथलं सेंटरिंग कोसळलं तेव्हा ती शाळेत होती. तिचे बाबा रॅम्पपाशी सापडले होते.

ती तडक साइट ऑफिसात गेली. “मामा, ही कुठली इमारत लिहिलीस?”

त्यानं कागद पाहिला आणि ‘रॅम्प’ या शब्दावर बोट ठेवलं. “लिहायला बसलो की तीच समोर येते गं. एक टेकू ढिला वाटला म्हणून दाजी आत गेले... अजून आतच आहेत असं वाटतं.”

“मग आपण दोघं मिळून लिहू.”

उंची बदलली. खालच्या एकट्या स्लॅबला हा भार झेपणार नव्हता, म्हणून टेकू मजल्यामजल्यानं थेट इमारतीच्या पायापर्यंत न्यायचं ठरलं. काँक्रीट एका जागी ढीग न करता थराथरानं ओतायचं. आणि ओतकाम चालू असताना खाली कोणी जायचं नाही, भोवती अडवणारी पट्टी बांधायची; टेकू हलतात का, ते त्यांच्यावरच्या खुणा पाहून बाहेरूनच मोजायचं. डिझाइन झाल्यावर ते तिसऱ्याच इंजिनिअरनं तपासलं.

ओतकामाच्या दिवशी मध्येच मामा ओरडला, “पंप थांबवा! खाली माणूस आहे!”

पंप थांबला. माणसं मोजली, सगळी बाहेर. खुणाही हलल्या नव्हत्या. “मामांना भास होतोय,” मुकादम पुटपुटला. “काँक्रीट फार वेळ थांबत नाही, मॅडम.”

पण टेकूंच्या काळोख्या रानातून तिलाही ऐकू आलं. लोखंडावर पाना आपटल्यासारखं. टण्. टण्.

ती पट्टीपाशी वाकली. “बाबा, बाहेर या. टेकू घट्ट आहेत. मी पाहिलेत.”

आवाज थांबला.

मामानं हळूच विचारलं, “तुलाही?”

तिनं होकारार्थी मान हलवली आणि पंप सुरू करायला सांगितला.

संध्याकाळपर्यंत स्लॅब पुरा झाला. एकही टेकू हलला नाही. सगळे हुश्श करून पांगले. मामा मात्र पट्टीपाशी रेंगाळला, आणि निघताना त्यानं वॉचमनला बजावलं, “खालचे दिवे मालवू नकोस. बाहेरची वाट दिसू दे.”