टीडीएसच्या ओळीतलं शून्य

आयकर खात्याच्या पत्रातल्या दोन्ही रकान्यांत उत्पन्न सारखंच होतं. करही सारखाच. फरक फक्त टीडीएसच्या, म्हणजे पगारातून आधीच कापलेल्या कराच्या, ओळीत होता: निकिताने भरलेल्या रकान्यात बेचाळीस हजार, खात्याच्या रकान्यात शून्य. त्या शून्यामुळे व्याजही लागलं होतं, आणि तळाशी मागणीचा आकडा होता.

राजूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवायची. संस्थेचे सचिव आबासाहेब म्हणजे तिच्या नवऱ्याचे, ज्ञानेश्वरचे, चुलते. संस्था घरचीच, म्हणून कर कापून भरल्याचा दाखला, फॉर्म सोळा, कुणी मागत नसे. पगाराच्या स्लिपवर कपात दिसली की पुरे. विवरणपत्रात टीडीएसची जागा रिकामी आली, तेव्हा तिने स्लिप बघून ती हाताने भरली होती.

"कापलाय, पण भरलेला नाही," अकोल्यातले कर सल्लागार धवलभाई म्हणाले. "तुमच्या नावावर काहीच जमा नाही. पत्र येऊन पंधरा दिवस झाले, मॅडम, उत्तर द्यायला तीसच असतात. मागणी मान्य की अमान्य? मान्य केली की मागे फिरता येत नाही."

"आणि अमान्य केली तर?"

"स्लिपा आणि बँकेचा उतारा जोडू. पगारातून कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण मग खातं संस्थेला विचारू शकतं, पैसे कुठे गेले."

दार उघडलं. आबासाहेब आत आले आणि शांतपणे खुर्ची ओढून बसले. इथे येणार असल्याचं तिने घरीही सांगितलं नव्हतं.

"सूनबाई, क्लार्ककडं जुन्या स्लिपा मागितल्यास, आन् अकोल्याला जायला सुट्टी टाकलीस म्हणं. आमाला इचारायचं. लई लांब आलीस." त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "रोख हाय. भरून टाक. घरातली गोष्ट घरात."

धवलभाई अदबीने म्हणाले, "साहेब, संस्थेनेच व्याजासह कर भरून टीडीएसचं विवरण दुरुस्त केलं, तर मॅडमची मागणी आपोआप मिटेल. सगळ्या शिक्षकांचीच."

आबासाहेबांनी पाकीट बोटाने निकिताकडे ढकललं. "हिच्यापुरतं बोला." सगळ्यांचे पैसे आता नाहीत, हे निकिताला त्या शब्दांतून कळलं.

"आपल्या कॉलेजच्या रेश्मा मॅडमलाही हेच पत्र आलंय, आबा."

"तिचं ती बघंल." ते हसले. "ज्ञानेश्वरची नेमणुकीची ऑर्डर जूनला संपतीय. पुढं सही माझीच लागंल ना?"

ज्ञानेश्वर त्याच संस्थेत ग्रंथपाल होता. घराचा हप्ता त्याच्या पगारातून जायचा. सकाळी पत्राचा विषय निघाला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "तू काय करशील ते कर, पण मला आधी सांग." तिने सांगितलं नव्हतं.

पाकिटाला बोट न लावता, फायलीच्या कडेने ते आबासाहेबांच्या बाजूला सरकवता येईल का, हे तिने पाहिलं. येत नव्हतं. मग तिने ते हातात घेतलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

बाहेर त्यांच्या गाडीचं इंजिन सुरूच होतं. तिने फोन काढून ज्ञानेश्वरला लावला, स्पीकरवर.

"ऐक," ती म्हणाली, "आबा इथेच बसलेत. मी मागणी अमान्य करतेय."