जांभळ्या झाकणाची नळी

आमचे डॉक्टर एका बोटाने टाइप करतात, म्हणून लॅबला ईमेल लिहायचं काम माझ्याच गळ्यात. वीस वर्षं नर्स आहे मी, टायपिस्ट नाही, हे सांगून थकले.

त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर सुतारकाका बसले होते, शेजारी काकू. दुसऱ्या दिवशी काकांचं हर्नियाचं ऑपरेशन, आणि सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट आला: पोटॅशियम आठ पॉइंट दोन! एवढ्याने हृदय कधी बंद पडेल याचा नेम नाही. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, तो अगदी नॉर्मल. काका तर चहा मागत होते. काकूंचा मात्र जीव टांगणीला.

"लिहा ताई," डॉक्टर म्हणाले. "रुग्णाला त्रास नाही, ईसीजी नॉर्मल आहे, त्यामुळे या आकड्याबद्दल शंका वाटते. उरलेल्या नमुन्यात कॅल्शियम तपासा. ते फारच कमी आलं, तर त्यात जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त मिसळलेलं असणार. नवा नमुना पाठवतो, तातडीने पुन्हा तपासणी करावी. आणि ही गफलत तुमच्याकडे कुणी केली, तेही कळवा."

माझी बोटं थांबली. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि त्यातच पोटॅशियम असतं. हे मला पाठ आहे हो! पण सकाळी पोटॅशियमसाठीची लाल झाकणाची नळी निम्मीच भरली, काकांची शीर रुसली, काकू म्हणाल्या, "पुरे गं, किती टोचशील?" मला दया आली आणि जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं. दया कसली, अक्कल गहाण ठेवली होती मी.

"डॉक्टर, शेवटचं वाक्य खोडते. गफलत लॅबची नाही, माझी आहे."

सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता वीस वर्षांचा विश्वास गेला.

"लॅबला खरं तेच लिहा, आणि खाली सही माझी," ते म्हणाले. "ताई, आत्ता बोलला नसतात, तर मात्र रागावलो असतो."

या माणसावर माझा उगाच जीव नाही!

ईमेल गेला. मी काका-काकूंसमोर उभी राहिले आणि चूक कबूल केली. काकू डोळे वटारून बघत राहिल्या. काकांनी बाही वर केली.

"आयुष्यभर लाकडं कापली गं पोरी. माप चुकलं की पुन्हा घ्यावं लागतं. टोच."

दुसऱ्या हाताला पहिल्याच झटक्यात शीर मिळाली. लाल नळी आधी भरली, मग काकांचा हात धरून तशीच बसले. तासाभरात लॅबचं उत्तर आलं: जुन्या नमुन्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, नव्यात पोटॅशियम चार पॉइंट तीन, अगदी नॉर्मल.

"म्हणजे उद्या ऑपरेशन?" काकूंनी विचारलं.

"उद्याच," मी म्हटलं.

काकू उठल्या. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "उद्या ऑपरेशनच्या वेळी रक्त घ्यायचं झालं, तर तूच ये," म्हणाल्या.