भरपाईचा रविवार

कुकरची शिट्टी झाली आणि पहाटेच्या शांततेत खुशबू उठून बसली. "आई, आज आपण धरण पाहाले जाऊन राहिलो ना?"

मोहाडीजवळच्या एका शाळेच्या बांधकामावर मी सुपरवायझर आहे. पावसाने तीन दिवस बुडाले, म्हणून मी रोज संध्याकाळी दीड तास वाढवला. पण ढगांमुळे सहालाच अंधारून येतं, आणि पाऊस पडला की कामावरच्या बाया धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जातात, रोवणा संपल्याशिवाय परत येत नाहीत. वेळापत्रकात मी हे धरलंच नव्हतं.

तेवढ्यात मुकादम बेबीबाईंचा फोन आला. "मॅडम, आमचा रोवणा काल झाला. आभाळ मोकळं आहे, आज स्लॅब टाकून घ्या. तुमचा तो दीड तास कोणाले पुरते?"

स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. उजेडात संपवायचा तर सातलाच सुरुवात हवी.

"या," मी म्हटलं. राग माझाच मला आला होता.

खुशबूने नवा फ्रॉक घडी करून ठेवला. "तुमचे बुडलेले दिवस रविवारी भरतात. मंग माहा बुडलेला रविवार कोणत्या दिवशी भरशील?"