तीनशेचा हट्ट

आमच्या घरात कुठलाही विषय काढा, तो गुंठ्यावर येऊन थांबतो. चाकणकडच्या जुन्या शेतकरी घरांत हा आजारच आहे. माझे सासरे सयाजीराव यांनी जमीन एकेक गुंठा करून विकली, आणि नंतर कंपन्या आल्या तसा भाव आभाळाला भिडला. ज्यांनी धीर धरला त्यांनी बंगले बांधले. माझा नवरा नवनाथ हे सगळं लहानपणापासून ऐकत आला, आणि त्यातून एकच शहाणपण शिकला: विकायचं तर एकदाच, तुकड्यातुकड्याने कधीच नाही.

मी लातूरची. माहेरी जमीन नव्हती, त्यामुळे हे शहाणपणही नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला, दोन हजार तेवीस साली, नवनाथच्या ओव्हरटाइमचे आणि माझ्या डब्यांचे मिळून लाखभर रुपये आम्ही सोलाना नावाच्या क्रिप्टो नाण्यात घातले. तीस डॉलरच्या भावाने चाळीस नाणी आली. बुडाले तर बुडाले, असं दोघांनी ठरवलं होतं. ते बुडाले नाहीत. नाताळच्या सुमाराला भाव शंभरला लागला आणि भांडणाला खरी सुरुवात तिथे झाली.

मला कुरुळीजवळ खानावळ काढायची होती. गाळा बघून ठेवला होता. खानावळ चालू लागली की नवनाथने नाइट शिफ्ट सोडून माझ्या जोडीला यायचं, हे माझं मागणं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि डबे पोचवून मी घरी आले की तो कंपनीच्या बसकडे निघालेला असायचा. मी म्हटलं, थोडी विकू, गाळ्याचं डिपॉझिट भरू. तो म्हणाला, तीनशे झाले की सगळी एकदम विकतो आणि त्याच दिवशी राजीनामा देतो. तोवर एकाही नाण्याला हात लावायचा नाही.

"जमीन एका आठवड्यात निम्मी होत नाही," मी म्हणाले. "हे होतं."

त्याला ते पटलं नाही. शेवटी नाणी निम्मी निम्मी वाटून घेतली. त्याने वीसच्या वीस नाण्यांची विक्रीची ऑर्डर तीनशेला लावली, म्हणजे भाव तिथे पोचला की ती आपोआप विकली जातील, आणि मोबाइल खिशात टाकला. मी पाच शंभरला विकली, पाच एकशेऐंशीला लावली, पाच अडीचशेला, आणि शेवटची पाच पुढे बघू म्हणून ठेवली. प्रत्येक विक्रीतून एक टक्का टीडीएस आधीच कापला जातो आणि नफ्यावर तीस टक्के कर भरावा लागतो, म्हणून आलेल्या पैशातला तिसरा हिस्सा मी वेगळा काढून ठेवत होते. नाहीतर मार्च महिन्यात कर भरताना आपलंच तोंड आपल्याला दाखवता येत नाही.

पहिल्या पाचांतून डिपॉझिट भरलं गेलं. त्यानंतर भाव चढतच राहिला. जेवताना नवनाथ रोज भाव मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणजे माझ्या जिवाला किती झोंबतंय ते त्याला बघता यायचं. झोंबायचंच. विकलेल्या नाण्याचा भाव वर गेला की कुणीतरी आपल्याच पानातला लाडू उचलून नेल्यासारखं वाटतं. मार्चमध्ये एकशेऐंशीची ऑर्डर लागून पाच नाणी विकली गेली, भट्टी आणि भांडी आली, आणि खानावळ सुरू झाली. नोव्हेंबरात अडीचशेला आणखी पाच गेली, त्यातून मोठा फ्रीज घेतला. नवनाथ त्या फ्रीजला 'अडीचशेवाला' म्हणायचा आणि हसायचा. मी मात्र आतून वाट बघत होते, की तीनशे होऊ देत आणि हा माणूस एकदाचा रात्री घरी राहू दे.

जानेवारीत भाव दोनशे चौऱ्याण्णवपर्यंत गेला. नवनाथने कंपनीत दोघा-तिघांना पेढ्यांचं सांगूनही टाकलं. मी म्हटलं, निम्मी आत्ताच विका, उरलेली तीनशेला राहू द्या. तो म्हणाला, सहा डॉलरसाठी कोण घाई करतं? ते सहा डॉलर काही चढले नाहीत. ऑर्डर तिथेच तीनशेवर बसून राहिली, कारण तीनशेला लावलेली ऑर्डर दोनशे चौऱ्याण्णवला लागत नसते. भाव उतरू लागला. दोनशेवीसच्या खाली गेला की शेवटची पाचही काढायची, असं मी ठरवून ठेवलं होतं, आणि तशी ती काढली. नवनाथ म्हणाला, घाबरट. एप्रिलमध्ये भाव शंभरच्याही खाली आला, तेव्हा त्याने जेवताना भाव वाचून दाखवणं बंद केलं.

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो अजूनही रात्रीच्या बसने जात होता आणि परत आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपत होता. एकदा जेवताना त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला की आमच्या घराण्याच्या नशिबातच नाही; बापाने तुकडे करून घालवलं, मी राखून घालवलं.

माझ्या सासूबाई गवराबाई लसूण सोलत बसल्या होत्या. जमिनीचा विषय निघाला की त्या नेहमी उठून जायच्या. त्या दिवशी उठल्या नाहीत.

"पयला गुंठा इकला तवा तू दवाखान्यात व्हतास," त्या म्हणाल्या. "ताप डोक्यात गेलता. तुझ्या बापानं भाव इचारला न्हाई, कागदावर सही केली. दुसऱ्यात तुझी बहीन उजवली. घालवलं म्हनतोस, आन् त्या गुंठ्यात तर तू सोताच हायेस की."

नवनाथ आईकडे वळला. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या कानावर गावाने फक्त भाव घातला होता. मग त्याने ताट पुन्हा पुढे ओढलं आणि भाकरी मागितली.

मे महिन्यात भाव पुन्हा एकशेसत्तरला आला. त्याने मला शेजारी बसवलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तीनशेची जुनी ऑर्डर त्याने काढून टाकली होती. पाच नाणी त्याने तिथल्या तिथे विकली, पाच दोनशेला लावली, पाच अडीचशेला. तीनशेचा हट्ट उरला तो शेवटच्या पाच नाण्यांपुरता, आणि तेवढ्या हट्टाला माझी ना नव्हती. विकलेल्या पाच नाण्यांतून कराचा हिस्सा बाजूला काढून आमच्याकडे त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे उरत होते. खानावळ आता घरखर्चाला पुरत होती, फक्त उडी मारायला हाताशी काहीतरी हवं होतं. दोन महिने पुरेत, असं तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला.

भावाला लाज नसतेच. आठवडाभरात तो एकशेचौऱ्याऐंशीवर गेला. नवनाथ संध्याकाळी खानावळीत परात घेऊन पीठ मळत होता, कोपरापर्यंत पांढरा झालेला. मोबाइल बघून त्याने खिशात ठेवला हे मी भट्टीजवळून पाहिलं. दीड वर्ष माझ्या जिवाशी खेळलेल्या माणसाला मी असं सोडणार होते काय?

"काय हो, वर गेला वाटतं भाव?" मी विचारलं.

"गेला."

"लागलं का मनाला?"

"लागलं," तो म्हणाला आणि पिठात पाणी घालून पुन्हा मळायला लागला. "पण आज रात्री मी घरी आहे."

मला इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली, आणि ती मी गिऱ्हाइकाला न वाढता स्वतः खाल्ली.