आवाज करणाऱ्याचं बिल

माझ्या नवऱ्याचा कागदावर फार विश्वास. माणसांवर कमी, कागदावर जास्त. तो एका कंपनीत लोकांनी टाकलेली खर्चाची बिलं तपासतो. कुणी टॅक्सीचं भाडं दोनदा लावलं, कुणी घरच्या जेवणाची पावती कंपनीच्या नावावर खपवली, की हा पकडतो आणि लाल रेघ मारतो. आठवड्यातले तीन दिवस तो हे घरी बसून करतो, बेडरूममध्ये दार लावून, एसी चालू ठेवून.

मी मधल्या खोलीत भरतकाम करते. हातानं नाही, मशीनवर. शर्टाच्या खिशावर कंपनीची चिन्हं, हॉटेलच्या टॉवेलांवर नावं, असलं काम. डिझाइन कॉम्प्युटरवर येतं, मशीनमध्ये टाकायचं, दोऱ्यांचे रंग लावायचे, की मशीन सुरू. आणि ते एकदा सुरू झालं की सगळ्या घराला कळतं. खडखड खडखड. सासूबाई त्याला 'तुझा ट्रक' म्हणतात. रात्री त्या त्याच खोलीत झोपतात, मशीनवर जुनी चादर घालून.

चार महिन्यांपूर्वी नवऱ्यानं जाहीर केलं की धंदा म्हटला की घरभाडं, वीज, इंटरनेट यांतला आपला वाटा त्यानं उचलला पाहिजे. मला पटलं. खरंच पटलं, मी काही फुकटी नाही. त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला. तीन खोल्यांतली एक माझी, म्हणून पंधरा हजार भाड्यातले पाच हजार धंद्याचे. वीज निम्मी, कारण "दिवसभर कोण खडखडतंय?" इंटरनेटही निम्मं, कारण डिझाइनं कुठून येतात? एकूण साडेसात हजारांवर शंभर. दोरा, कापड, सुया वगैरे वजा जाता माझ्या हातात महिन्याला राहतात सहा हजार नऊशे. म्हणजे सातशेचा तोटा.

"तीन महिने बघू," तो म्हणाला. "तिन्ही महिने तोटा आला तर मशीन विकून टाकू. भावनेला इथं जागा नाही."

मी मान डोलावली. आता त्या डोलावलेल्या मानेचा मला इतका राग येतो की सांगता सोय नाही. पहिला महिना तोटा, दुसरा महिना तोटा. एका शाळेनं दोनशे शर्टांचं काम विचारलं, ते मी नाही म्हणून सोडलं, कारण तोट्यातला धंदा वाढवून काय करायचं? रात्री जेवताना नवरा समजूतदारपणे म्हणाला, "मी एका माणसाला फोन केलाय. महिनाअखेरच्या रविवारी मशीन बघायला येईल." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि ताटातलं बोटानं इकडचं तिकडे केलं.

तिसऱ्या महिन्यातल्या एका मंगळवारी माझा प्रिंटर आपोआप सुरू झाला. घरात प्रिंटर एकच, माझा. शाईही माझीच. नवरा बेडरूममधून प्रिंट पाठवतो आणि मग "जरा आणून दे गं" म्हणतो. मी कागद उचलला. त्याच्या कंपनीचा अर्ज होता, घरून काम करणाऱ्यांना इंटरनेटचा खर्च परत मिळण्याचा. बिलाची रक्कम एक हजार. वापर कशासाठी? नीटनेटकं टाइप केलेलं होतं, 'संपूर्णपणे कार्यालयीन कामासाठी.'

मी तो कागद तीनदा वाचला. ज्या इंटरनेटचे पाचशे तो माझ्या धंद्यावर टाकत होता, त्याचे पूर्ण हजार कंपनी त्याला देत होती. शंभर टक्के त्याचं काम, पन्नास टक्के माझं काम, एकूण दीडशे टक्के. मग सासूबाई दुपारी ज्यावर भजनं बघतात ते काय शेजारच्यांचं होतं?

डोकं असं तापलं की मशीन बंद करून मी पाणी प्यायले. दार उघडून भांडावं असं फार वाटलं. पण हा माणूस भांडणाला बधत नाही. याला कागद लागतो. तर कागदच करू, म्हटलं.

वायरमनला फोन केला, निम्म्या विजेचं सांगितलं. तो आमच्या इमारतीत सगळ्यांकडे येतो, बोलतो कमी, बघतो जास्त. त्यानं प्लगमध्ये लावायची दोन छोटी मीटरं आणून दिली. "हे मशीनला लावा, हे इस्त्रीला. दिवा आणि पंख्याचे वॅट वरच लिहिलेत, तासांनी गुणा. एसीला हे लावू नका, जळेल. बाकी सगळं बंद करून एक तास फक्त एसी चालवा, मोठ्या मीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहा."

"ताई, एक विचारू?" जाताना तो म्हणाला. "मशीनचा आवाज ऐकून धरला होता का हिशेब?"

"हो."

"आवाज मोटारीचा असतो हो. वीज खाते ती गरम किंवा थंड करणारी वस्तू."

आठवडाभर मी आकडे लिहिले. मशीन, दिवसाला सहा तास, आठवड्याचे अकरा युनिट. इस्त्री सहा. दिवा-पंखा दोन. एकोणीस. इस्त्रीचा आकडा बघून मी स्वतःच दचकले. तयार शर्टांवर मी इस्त्री फिरवते, ती एवढी खात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग आठवलं, त्याच इस्त्रीवर दर रविवारी नवऱ्याचे ऑफिसचे पाच शर्ट होतात, कारण घरून काम असलं तरी कॅमेऱ्यापुढे इस्त्रीचाच लागतो, शिवाय सासूबाईंचं आणि माझं. ते दोन युनिट घराचे. उरले सतरा, म्हणजे महिन्याला त्र्याहत्तर. आमचं बिल येतं चारशेवीस युनिटचं. निम्मे कुठले, पावही नाहीत.

आणि एसी? तासाला पाऊण युनिटाच्या वर, जवळजवळ एक. दिवसाला सात तास, आठवड्याला तीन दिवस. एकोणीसच्या आसपास. माझ्या अख्ख्या खोलीइतके. फक्त तो गप्प बसून खातो, म्हणून त्याला कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी कागद त्याच्यापुढे ठेवला. सासूबाई बाजूला शेंगा सोलत होत्या.

तो वाचत गेला. भुवया एकदा वर, एकदा खाली. मग पेन काढलं. पेन काढलं की समजायचं, कागद मानला.

"तुझे युनिट सरासरी दरानं नाही धरायचे," तो म्हणाला. "वापर वाढला की वरच्या युनिटांना जास्त दर लागतो. धंद्यामुळेच आपण त्या दरात जातो."

"तुझ्या एसीमुळेही जातो. पण बरं, धर वरचाच. तेराच्या दरानं साडेनऊशे होतात. दिले."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. "आणि भाडं? खोली तर तुझीच आहे ना."

"खोली माझी?" सासूबाई शेंग हातात धरून थांबल्या. "मग रोज रात्री तिथं झोपतं ते कोण? माझं भाडं कोण भरतं, ती? मला आधी सांगायचं, मी हॉलमध्ये पथारी टाकली असती."

"आई, तसं नाही..."

"तसंच आहे," मी म्हणाले. "तिन्ही खोल्या सारख्या नाहीत. घर सहाशे चौरस फूट, ही खोली एकशेवीस. पाचवा हिस्सा, तीन हजार. त्यात दिवसा धंदा, रात्री आई. निम्मे दीड हजार. पटत नसेल तर टेप आण, मोज."

तो मोजायला उठला. खरंच उठला! टेप घेऊन गेला, खाटेखाली वाकून मोजून आला आणि बसला. आकडा बरोबर होता.

मग मी दुसरा कागद काढला. इंटरनेटचा अर्ज.

आधी त्याचे कान लाल झाले. "तो नुसता फॉर्म आहे. सगळेच तसं लिहितात."

"तुझ्या टेबलावर हा फॉर्म आणि माझ्यासाठी केलेला तक्ता, दोन्ही शेजारी शेजारी आले असते, तर तू काय केलं असतंस?"

त्यानं अर्ज उचलून पुन्हा वाचला. शेवटी पेन टेबलावर ठेवत म्हणाला, "लाल रेघ मारली असती."

त्यानं लॅपटॉप उघडला. इंटरनेट निम्मं त्याच्या कामाचं, पाव माझं, पाव घराचं. अर्ज पाचशेचा करून पाठवतो म्हणाला. माझा वाटा अडीचशे. सगळं मिळून दोन हजार सातशे. सहा हजार नऊशेतून ते गेले, उरले चार हजार दोनशे. नफा. तो आकडा पडद्यावर बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या दोनशे शर्टांची आठवण आली.

"चुकलं माझं," असं तो म्हणेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "तक्ता दुरुस्त केलाय."

रविवारी मशीन बघायला माणूस आला. दार मीच उघडलं. "मशीन विकायचं नाही," मी सांगितलं.

"पण तुमच्या मिस्टरांनी फोन केला होता."

"मग त्यांचं काही विकायचं असेल तर त्यांना विचारा. ते आत आहेत." आतून सासूबाई मोठ्यानं हसल्या. तो बिचारा पायऱ्या उतरून गेला.

सोमवारी मी शाळेला फोन केला. काम दुसऱ्याकडे गेलं होतं. पुढच्या वर्षी विचारू, म्हणाले.

पुढचा महिना संपल्यावर नवऱ्यानं मला घरचा तक्ता दाखवला. धंद्याचा नाही, घराचा. चार महिन्यांत मी तो पहिल्यांदाच बघत होते. जमेच्या बाजूला वर 'पगार'. एवढे दिवस फक्त तेवढंच होतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या पैशातून किराणा आला, सासूबाईंची औषधं आली, ती सगळी खर्चात लिहिलेली होती. पैसे कुठून आले ते कुठंच नव्हतं. आता त्यानं खाली नवी ओळ घातली होती आणि ती मला दाखवताना तो चक्क खूश होता. चार हजार दोनशे. शेजारी लिहिलं होतं, 'इतर.'

"बघ, आलीस की नाही तक्त्यात?"

मी 'इतर' खोडलं, रकाना मोकळा ठेवला आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. मग मधल्या खोलीत जाऊन इस्त्रीचा प्लग काढला. खुर्चीवर त्याचे आठवड्याचे पाच शर्ट पडले होते, उद्या मीटिंग होती.

"शर्ट?" त्यानं दारातून विचारलं.

"इस्त्री धंद्याची आहे," मी म्हणाले. "त्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलं की सांग."