वाचवलेलं वर्ष

माझा वाढदिवस एक जूनला असतो. जामसरच्या शाळेत माझ्या पुढेमागे शिकलेल्या निम्म्या लोकांचा त्याच दिवशी असतो, कारण आमच्या तारखा माझ्या वडिलांनी लिहिल्या. देवजी गुरुजी, माझे अप्पा. पहिलीत घ्यायचं तर सहा वर्षं पुरी लागायची. माझी पाचही सरली नव्हती, पण गुरुजींच्या पोरीनं घरी का बसायचं? त्यांनी एक जून लिहिलं, साल मागचं टाकलं आणि पुढे जन्मभर भेटेल त्याला सांगत राहिले, "मी पोरीचं एक वरीस वाचवलं."

यंदा जुलैत हर्षालीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा अप्पा खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले होते. हर्षाली ठाण्याच्या एका एजन्सीत आहे, नर्सेसना जर्मनीला पाठवते. मी मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवी सही, आणि पेन्शनच्या नावानं शून्य. ड्युटी सांभाळून मी जर्मन शिकले, माझ्या नर्सिंगला तिथली मान्यता मिळवली. तिकडच्या एका इस्पितळानं मला कायम नोकरी देऊ केली होती. कायम! या एका शब्दासाठी मी काय काय केलं, ते माझं मला ठाऊक.

"ताई, ऑफर मागे घेतलीय त्यांनी," हर्षाली म्हणाली. "एक जूनला तुम्हाला पंचेचाळीस पूर्ण झाली. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा जाणाऱ्याला वर्षाला निदान त्रेपन्न हजार एकशे तीस युरो पगार हवा. नाहीतर म्हातारपणाची पुरेशी सोय आहे, याचा पुरावा. त्याशिवाय व्हिसा नाही. तुमची ऑफर एक्केचाळीस हजारांची होती."

"एक्केचाळीस मला पुष्कळ झाले."

"तुम्हाला चालून काय उपयोग? कायद्याला चालत नाही."

"मग त्यांना वाढवायला सांग."

"वाढवायला बंदी नाही, ताई. पण तिथे नर्सचा पगार श्रेणीप्रमाणे ठरलेला आहे. तिथल्यांपेक्षा तुम्हाला कमी देता येत नाही, आणि नव्या नर्सला वॉर्डच्या मुख्य सिस्टरपेक्षा जास्त द्यायला ते तयार नाहीत. व्हिसावाले क्वचित या नियमाला अपवाद करतात, पण त्याला सबळ कारण लागतं. इस्पितळ त्या भानगडीत पडणार नाही म्हणालं."

अप्पा पुढे झुकले. "किती कमी पडतंय, बाय? माझ्या पेन्शनातून भरू की."

"काका, पगार मालकानंच द्यायचा असतो. आणि पेन्शन ताईंची स्वतःची लागते."

अप्पांनी मान डोलावली. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. हर्षाली जरा घुटमळली आणि म्हणाली, "ती जागा तुमच्या करिष्माला दिलीय. तोच वॉर्ड, तोच पगार. ती एकोणतीस वर्षांची, तिला हा नियम लागत नाही."

करिष्मा माझ्याच दवाखान्यातली नर्स. तिला शीर शोधायला मी शिकवलं. पहिल्यांदा सुई टोचताना तिचा हात मी धरला होता. मला तिचा राग आला, इतका की लाजही वाटली नाही.

"माझं खरं वय कमी आहे," मी म्हणाले. "मी अजून पंचेचाळीसची झालेलीच नाही."

"जन्माची नोंद आहे कुठे?"

"नाही."

"कोर्टात जाता येईल. वेळ लागेल, भरवसा नाही. पण खरी तारीख तरी सांगा."

मी अप्पांकडे पाहिलं. सगळ्या शाळेच्या तारखा तोंडपाठ असलेला माणूस. "अप्पा, माझी खरी तारीख कोणती?"

"नागली लावत होतो आम्ही," ते म्हणाले. "का काढत होतो? तुझे आयला ठावं."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. हर्षालीनं "बघते काही होतंय का" म्हणून फोन ठेवला. काही होणार नव्हतं.

"तुम्ही वाचवलेलं वर्ष आहे ना, अप्पा," मी म्हणाले, "तेच नडलं. ते नसतं तर आज माझं विमानाचं तिकीट निघालं असतं." मी एकेक शब्द सावकाश बोलले, कमी ऐकू येणाऱ्या पेशंटशी बोलतात तसं. मला ते त्यांच्या आत उतरायला हवं होतं. उतरलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

संध्याकाळी करिष्मा पेढे घेऊन आली. तिला फक्त एवढंच ठाऊक होतं की माझं नाव मागे पडलंय. अप्पांच्या पाया पडून ती माझं मन राखायला बोलत राहिली, "मी कुठली हुशार, अप्पा! सिस्टर खऱ्या हुशार. वर्गात सगळ्यांत लहान होत्या म्हणे?"

अप्पांचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षांची सवय. "तं काय! मी हिचं एक वरीस..."

त्यांचा पेढा हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी विषय बदलावा म्हणून. एका शब्दानं बदलता आला असता.

"सांगा ना, अप्पा," मी म्हणाले. "थांबलात कशाला?"