कालिमारूचा लाल खांब

रेत्नोने तो प्रोग्राम लिहिला तेव्हा शहराच्या आरोग्य कार्यालयात तिचं कौतुक झालं, आणि कौतुकाने माणूस जितका शेफारतो तितकी ती शेफारली. त्याआधी दर सोमवारी साडेसहाला येऊन नऊ आरोग्य केंद्रांचे लसीकरणाचे आकडे उतरवून घ्यायचे, स्लाइडमधल्या आलेखांत एकेक भरायचे आणि ज्या केंद्राने आपलं उद्दिष्ट गाठलं नाही त्याचा खांब हाताने लाल करायचा, असा तीन तासांचा रगाडा होता. आता पहाटे प्रोग्राम आपणहून जागा व्हायचा, सर्व्हरवरून ताजे आकडे आणायचा, गेल्या वेळच्या स्लाइड्स नमुना म्हणून उघडायचा, आलेखांमागच्या तक्त्यांतले जुने आकडे काढून नवे भरायचा आणि नव्या तारखेने फाइल ठेवून द्यायचा. रेत्नो आठ वाजता येई, कोपऱ्यावर सोतोचं गरम सूप पिऊन. फाइल उघडून बघायची गरज तिला कधी वाटली नाही. स्वतःच्या हातचं जेवण कुणी चाखून बघतं का, अशी तिची ऐट.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. केंद्रप्रमुखांच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर नऊ खांब उभे होते, आठ निळे आणि एक लाल. लाल खांब कालिमारू केंद्राचा, सलग तिसऱ्यांदा. प्रत्येक केंद्राचं उद्दिष्ट वेगळं, त्यामुळे खांबाच्या उंचीवरून काही कळायचं नाही. सगळे रंगच बघायचे.

"पाक सुगेंग, तुमच्याकडे मुलं जन्माला यायची थांबली की काय?" कार्यालयप्रमुख बू विनार्तींनी विचारलं. सगळे हसले.

सुगेंग कालिमारूचे प्रमुख; तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक आणि बाईला बू म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी खिशातून वही काढली. "बू, माझ्या वहीप्रमाणे उद्दिष्ट झालंय. कुठंतरी चुकत असेल."

"वही राहू द्या. रेत्नो, आकडे बरोबर आहेत ना?"

"थेट सर्व्हरवरून येतात, बू," रेत्नो म्हणाली. वर हसत पुढे जोडलं, "माणसाचा हातच लागत नाही, मग चुकणार कोण?"

परत हशा झाला. सुगेंगनी वही खिशात ठेवली. समोर बसलेल्या बू एर्नांचं केंद्र त्या आठवड्यात उद्दिष्टाच्या मागे होतं आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं. पण आपला खांब निळा दिसतोय म्हटल्यावर त्या केळ्याची भजी खात गप्प बसल्या. त्या तरी काय बोलणार म्हणा.

असे सात आठवडे गेले. सातव्या आठवड्याच्या गुरुवारी सुगेंग रेत्नोच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात, आणि ती वयाने लहान असूनही तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणाले.

"म्बाक रेत्नो, एक शिकवाल का? लालमधून बाहेर कसं यायचं? या आठवड्यात बेचाळीसचं उद्दिष्ट होतं, आम्ही सत्तेचाळीस मुलांना लस दिली. रविवारीसुद्धा घरोघर जातोय. तरी लाल."

"नोंद उशिरा होत असेल, पाक."

"मीही तेच धरलं. नोंदी यांती करते, आमची कंत्राटी सुईण. पोरगी शपथेवर सांगते की त्याच दिवशी भरते. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, यंत्राला तुझ्याशी काय वैर? तिचं कंत्राट महिनाअखेर संपतंय. मुदतवाढीची यादी सोमवारी द्यायची आहे. तिचं नाव मी घातलेलं नाही."

ते गेल्यावर रेत्नोने पहिल्यांदा फाइल उघडली. कालिमारूच्या खांबावर सत्तेचाळीसचाच आकडा होता. बरोबर होता. खांब मात्र लाल. तिने मागची फाइल उघडली, त्याच्या मागची, त्याच्याही मागची. आकडे दर वेळी नवे, आणि लाल खांब दर वेळी तोच.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. हाताने केलेली शेवटची फाइल तिने प्रोग्रामला पहिला नमुना म्हणून दिली होती. त्या आठवड्यात कालिमारू खरोखरच मागे होतं, तिनेच तो खांब लाल केला होता. प्रोग्राम आकडे बदलत होता. रंग बदलायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खरोखर मागे राहिलेली केंद्रं सात आठवडे निळी मिरवत होती. आणि हात कुणाचा लागला नव्हता म्हणे! हात तिचाच होता, पहिल्या दिवसापासून.

दुरुस्ती तासाभराची निघाली. उद्दिष्टांचाही तक्ता आणायचा, प्रत्येक खांब त्याच्याशी ताडायचा, कमी असेल तर लाल करायचा आणि नसेल तर आठवणीने निळा करायचा, म्हणजे मागचा रंग उरत नाही. सोमवारी मीटिंग सुरू होताच उठून सांगायचं, असं तिने ठरवलं. शुक्रवारी ठरवलं, शनिवारी ठरवलं, रविवारी आईने विचारलं काय झालं तर पोट बिघडलंय म्हणाली.

सोमवारी पडद्यावर कालिमारू निळं झळकलं. बू एर्नांचा खांब लाल होता. रेत्नो तोंड उघडणार तोच बू विनार्तींनी टाळ्या वाजवल्या.

"बघा! मी ओरडते तेव्हा राग येतो तुम्हाला. पण ओरडल्याशिवाय होतं का काही? पाक सुगेंग, शाब्बास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुगेंग उठले, हात जोडून म्हणाले, "म्बाक रेत्नोंनी वाट दाखवली. त्यांचे उपकार."

खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी रेत्नोला वाटलं की हे असंच राहू दे. काम तर सुधारलं. कुणाला कळणार आहे? आणि तसं वाटल्याची तिला इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या तापल्या.

"आणि त्या सुईणीला वगळलंत, उत्तम केलंत," बू विनार्ती यादीवर सही करायला पेन उघडत म्हणाल्या.

"बू, सही करू नका," रेत्नो म्हणाली. ती उठून उभी राहिली. "मी हाताने केलेल्या शेवटच्या फाइलच्या आठवड्यातच कालिमारू खरं लाल होतं. त्यानंतर एकदाही नाही. रंग माझ्या नमुन्यातला होता. मी कधी उघडून बघितलं नाही."

बू विनार्ती तिला बरंच काही बोलल्या, तेही सगळ्यांसमोर, आणि ते तिला कमीच वाटलं. यादीत यांतीचं नाव लिहिलं गेलं. मीटिंग संपल्यावर सुगेंग स्कूटरची किल्ली घेऊन दारात थांबले.

"चला. तिला तुम्ही सांगा. मीही सांगणार आहे, पण आधी तुम्ही."

कालिमारूच्या ओसरीवर आयांची रांग लागली होती. यांती एका बाळाला तराजूत ठेवत होती. बारीक चणीची, डोळ्यांखाली काळं आलेली. रेत्नोने सगळं सांगितलं, नमुना, रंग, सात आठवडे. मग सुगेंगनीही मान खाली घालून आपली चूक सांगितली.

यांतीने ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटायला लागलं होतं की मी खरंच उशीर करते," ती म्हणाली. "नोंद केली की मी नवऱ्याला फोन करून सांगायची, आत्ता भरली, लक्षात ठेव. तरी लाल यायचं. मग मीच त्याला म्हटलं, माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय."

मग तिने रेत्नोकडे बघितलं.

"म्बाक, मीटिंगच्या आधी तुम्ही एकदासुद्धा बघत नव्हतात?"

"नाही."

यांतीने मान हलवली, बाळाचं वजन दोनदा बघून कार्डावर लिहिलं, परत एकदा बघितलं आणि पुढच्या आईला हाक मारली.